वाया : पन्नास

ज्या छापखान्यात ग्रामपंचायतींची, राइस मिलांची आणि पतसंस्थांची रजिस्टरं छापली जातात, त्या छापखान्याचं स्वतःचं रजिस्टर मात्र बाजारातून विकत आणलेलं असतं. लांबट, लाल कापडी पाठीचं. त्यावर पट्टी ठेवून पेनाने रकाने आखलेले. पहिल्या चार पानांवर रेघा सरळ आहेत. पाचव्या पानापासून पट्टी हरवलेली दिसते. आपल्याला हवं तसं रजिस्टर स्वतःच का छापून घेत नाही, असं मी गोंदियातल्या एका छापखान्याच्या मालकाला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "टाकलं आहे ना जी कामाला. नंबर लागला की छापतो." हा छापखाना कोणता ते सांगत नाही, कारण माझी व्हिजिटिंग कार्डं अजून तिथून यायची आहेत.

या रजिस्टराला जॉब रजिस्टर म्हणतात. त्याचा एक धाकटा भाऊ असतो, जॉब कार्ड. काम आलं की त्याला नंबर पडतो, रजिस्टरात एक ओळ भरली जाते आणि तोच नंबर टाकून एक जाड कार्ड तयार होतं. ते कार्ड एका पाकिटाला टाचलेलं असतं. पाकिटात गिऱ्हाइकाने दिलेला मजकूर, जुना नमुना, सही केलेलं प्रूफ. रजिस्टर मालकाच्या टेबलावरून हलत नाही. पाकीट मात्र डीटीपीवाल्याकडून प्लेटकडे, प्लेटकडून मशीनकडे, मशीनकडून कटिंगला आणि तिथून बाइंडिंगच्या बाईकडे असं फिरत राहतं. नियम असा की जो जे करेल त्याने ते कार्डावर लिहायचं आणि संध्याकाळी मालकाने ते रजिस्टरात उतरवायचं. यात रजिस्टर निळ्या पेनाने लिहिलं जातं आणि कार्ड शिसपेन्सिलीने. एवढ्यावरून कोणत्या कागदावर काय भरवसा ठेवायचा ते कळावं.

रकाने पुष्कळ असतात. गिऱ्हाइकाचं नाव, काम, प्रती, कागदाचा साइझ, शाईचा रंग, अ‍ॅडव्हान्स, बाकी. यातले बहुतेक रकाने सरळ आहेत. बाकीच्या रकान्यात तर इतका खरेपणा असतो की तो वाचून डोळे भरून येतात. मौज आहे ती दोन रकान्यांत. एक 'वाया' आणि दुसरा 'देण्याची तारीख'. पहिल्यात मशीनमन लिहितो, दुसऱ्यात मालक. आणि दोघंही एकमेकांचा रकाना वाचत नाहीत.

आधी 'वाया' बघू. ऑफसेट मशीन सुरू केलं की पहिला कागद कधीच चांगला निघत नाही. प्लेटवर शाईही लागते आणि पाणीही. जिथे अक्षर आहे तिथे शाई बसायची आणि जिथे कोरं आहे तिथे पाणी, असा तो व्यवहार. पाणी जास्त झालं की अक्षरं फिकट, कमी झालं की कोऱ्या जागेवर धुरकट काळपट. त्यात मजकूर कागदावर सरळ बसला का, समास दोन्हीकडे सारखा आला का, हे बघत मशीनमन नट फिरवतो, दोन-चार कागद काढतो, चष्मा कपाळावर चढवतो, पुन्हा फिरवतो. याला सेटिंग म्हणतात. एका रंगाच्या साध्या कामाला सेटिंगचे शंभरेक कागद आणि पुढे चालत्या छपाईत शेकडा दोन धरायचे, हा आमच्या या छापखान्याचा हिशोब. दोन रंग असले की सेटिंग दोनदा. चालत्या छपाईत दोन कागद एकदम ओढले जातात, एखाद्याचा कोपरा दुमडतो, मध्येच लाइन जाते. लाइन परत आली की शाई-पाण्याची जमलेली सोयरीक पुन्हा पहिल्यापासून जमवावी लागते.

यात गोंदियाची हवा आपला वाटा उचलते. हा भाताचा मुलूख, इथे पाऊस पोटभर. पावसाळ्यात कागदाच्या गठ्ठ्याच्या कडा ओल पितात, मधला भाग कोरडा राहतो आणि गठ्ठा कडेने लाटा मारतो. असा कागद मशीनमध्ये सुरकुत्या घेऊन निघतो. दोन रंगांचं काम असेल तर पहिला रंग झाल्यावर रात्रीतून कागद किंचित फुगतो आणि सकाळी दुसरा रंग पहिल्याच्या शेजारी बसतो, वर बसत नाही. देवीच्या कपाळावरचं कुंकू भुवईवर आलेलं दिसलं की ते काम श्रावणातलं समजावं. मे महिन्यात उलट. हवा इतकी कोरडी की कागद एकमेकांना विजेने चिकटतात आणि जोडीने मशीनमध्ये शिरतात. त्या वेळी लग्नसराईही असते, त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटत नाही.

इतकी सगळी कारणं असताना रजिस्टरातला 'वाया'चा रकाना बघा. 50, 50, 100, 50, 50, 100. लेटरहेड असो, बिलबुक असो, तेरवीचं कार्ड असो, पाऊस असो, ऊन असो, वाया पन्नास. मी मशीनमनला म्हटलं, "काकाजी, दरवेळी बरोबर पन्नासच कसे हो वाया जातात?" तो म्हणाला, "हात बसला आहे."

खरं म्हणजे हा रकाना तपासायला फार अक्कल लागत नाही. मोजलेला आकडा ओबडधोबड असतो. 83 असतो, 117 असतो, 46 असतो. शून्यावर संपणारे आकडे लागोपाठ आले की ते मोजलेले नसून आठवलेले आहेत असं समजावं, आणि तेसुद्धा आठवड्याच्या शेवटी, एकदम बसून. दुसरी तपासणी वजनकाट्यावर होते. डबल डेमी म्हणजे 23 बाय 36 इंचाचा कागद, 60 जीएसएमचा असेल, तर 500 कागदांची रीम 16 किलो भरते. म्हणजे एक पूर्ण कागद 32 ग्रॅम. महिन्यात कार्डांवर वाया म्हणून लिहिलेले कागद एकूण किती, त्यांचं वजन किती आणि रद्दीवाल्याने प्रत्यक्षात किती किलो नेलं, हे शेजारी मांडलं की सगळं उघडं पडतं. आमच्या मालकाने एकदा ते मांडलं. कटिंगच्या पट्ट्या वजा केल्या तरी रद्दी लिहिलेल्या वायापेक्षा बरीच जास्त निघाली. त्याने मशीनमनला बोलावलं. मशीनमनने शांतपणे सांगितलं की रद्दी ओली असेल.

पण या प्रकरणात मशीनमन सगळाच दोषी नाही. एक कागद किती वेळा वाया जातो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. सेटिंगला कोरा कागद घालायला कोणाचाही जीव होत नाही. म्हणून आधीच्या कामाचे खराब झालेले कागद पुढच्या कामाच्या सेटिंगला लावतात, त्याचे तिसऱ्याला, तिसऱ्याचे चौथ्याला, जोवर कागदावर पांढरं काही दिसतं तोवर. असे कागद मशीनच्या बाजूला एका गठ्ठ्यात पडलेले असतात. मला छापखान्यातलं सगळ्यात वाचनीय साहित्य म्हणून तेच आवडतं. मी पाहिलेल्या एका कागदावर खाली एका राइस मिलचं लेटरहेड होतं, त्यावर आडवं कोणाच्या तरी तेरवीचं निमंत्रण, त्याच्या डोक्यावर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' आणि त्या सगळ्यातून आरपार गेलेली वजनकाट्याची पावती, रिकामं वजन, भरलेलं वजन, निव्वळ वजन. अख्खा जिल्हा एका पानात. हा कागद चार कार्डांवर चारदा 'वाया' म्हणून लिहिलेला असतो आणि रद्दीत मात्र एकदाच जातो. म्हणजे हिशोबाने रद्दी कमी भरायला हवी, आणि आमच्या मालकाची भरली जास्त. तेव्हा मशीनमनच्या हाताला काय बसलं होतं ते त्याचं त्याला ठाऊक.

आता दुसरा रकाना, देण्याची तारीख. लोकांचा समज असा की छापखानेवाला खोटं बोलतो. हे अर्धसत्य आहे. गिऱ्हाईकही बोलतं. लग्न 28 तारखेला असेल तर वधूपिता 20 सांगतो, कारण मागच्या मुलीच्या वेळी पत्रिका हळदीच्या दिवशी आल्या होत्या. मालक मनात 28 धरतो, कारण त्याच्या कॅलेंडरात 20 ला मुहूर्तच नाही. मग दोघं मिळून 10 तारीख ठरवतात. एक मनात म्हणतो 15 ला तरी देईल, दुसरा मनात म्हणतो 17 ला दिलं तरी चालेल. रजिस्टरात 10 लिहिली जाते आणि दोघंही समाधानाने चहा घेतात. त्या 10 तारखेवर दोघांपैकी एकाचाही विश्वास नसतो. म्हणूनच तर भांडण होत नाही.

कामाला खरोखर किती वेळ लागतो हे कोणी विचारत नाही. पाच हजार हँडबिलं घ्या. अक्षरजुळणी दोन तास, प्लेट अर्धा तास, मशीनवर सेटिंगसकट दीड तास. छापल्यावर शाई वाळायला रात्रभर ठेवायचं, कारण लगेच गठ्ठा कटिंगखाली दाबला तर एका कागदाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते. सकाळी कटिंग, मोजणी, बांधणी, तासाभराचं काम. म्हणजे हाताला काम पाच तास आणि एक रात्र. तरीही मुदत चार दिवसांची मागितली जाते आणि सहा लागतात. मधला सगळा वेळ काम नुसतं पाकिटात पडून असतं. प्रूफवर सही व्हायची वाट, कागद नागपूरहून यायची वाट, पुढचं काम मशीनवरून उतरायची वाट. त्या वाट बघण्याला रजिस्टरात रकाना नाही.

आणि पुढचं काम कोणतं, हे रजिस्टरातल्या तारखेवरून ठरत नाही. खुर्चीवरून ठरतं. मालकाच्या टेबलासमोर जो माणूस बसलेला असेल त्याचं काम मशीनवर. फोनवर जो असेल त्याचं "मशीनवर आहे". आणि जो भला माणूस तारखेवर विश्वास ठेवून घरी थांबला असेल, त्याचं काम पाकिटात. अनुभवी गिऱ्हाईक म्हणून डबा घेऊन येतं.

हे सगळं एका जागी बघायला मिळालं ते नोव्हेंबर 2024 मध्ये. त्या वर्षी तीन हंगाम एकमेकांवर आदळले. 3 नोव्हेंबरला भाऊबीज होती. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरायला लागते. मंडई म्हटली की रात्री नाटक, नाटक म्हटलं की वडसा-देसाईगंजची नाटक कंपनी, आणि कंपनी ठरली की गावातलं मंडळ हँडबिल छापायला शहरात. दुसरं, तुळशीच्या लग्नानंतर माणसांची लग्नं. आणि तिसरं, 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान. उमेदवारी मागे घेण्याची शेवटची तारीख 4 नोव्हेंबर. त्या दिवशी अपक्षांना चिन्हं मिळाली आणि ज्याला जे मिळालं ते घेऊन तो थेट छापखान्यात आला. कोणी शिट्टी, कोणी कढई. टेबलासमोर एकच खुर्ची.

त्याच सोमवारी, 4 तारखेला, अर्जुनी मोरगावकडच्या एका गावातलं नाट्यमंडळ आलं. अध्यक्ष, सचिव आणि एक मुलगा, जो कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. नाटक 14 तारखेला, गुरुवारी रात्री. हँडबिल पाच हजार, एका रंगात. "भाऊ, शुक्रवारले पाह्यजे," अध्यक्ष म्हणाले. "आजूबाजूच्या मंडईत वाटाचे हायेत."

इथे मालकाची पंचाईत झाली. लग्नाची तारीख गिऱ्हाईक खोटी सांगू शकतं. नाटकाच्या हँडबिलात ती सोय नाही. देण्याची मुदत कोणती हे त्या हँडबिलातच, मोठ्या टाइपात, 'रात्री ठीक साडेनऊ वाजता' यासकट छापायचं असतं. मालकाने निमूटपणे रजिस्टरात 8 तारीख लिहिली.

कागदाचा हिशोब असा झाला. हँडबिल 9 बाय साडेअकरा इंच. मशीनवर साडेअकरा बाय 18 चा कागद लावायचा, म्हणजे एका कागदात दोन हँडबिलं. पाच हजारांना असे 2500 कागद. सेटिंगचे 100, छपाईतले शेकडा दोन म्हणजे 50. एकूण 2650. डबल डेमीच्या एका पूर्ण कागदातून असे चार तुकडे निघतात, म्हणून 2650 ला चाराने भागून 663 पूर्ण कागद. एक रीम फोडून दुसऱ्या रीममधून 163. दुसऱ्या रीममध्ये 337 शिल्लक राहायला हवेत. हे शिल्लक कागद हा छापखान्यातला सगळ्यात चपळ प्राणी. उघड्या रीममध्ये काल किती होते ते कोणालाही आठवत नाही. म्हणून चांगला मालक कार्डावर दोन आकडे मागतो, किती दिले आणि किती परत आले. आमच्या मालकाने ती शिस्त त्या वर्षीच लावली होती, नाहीतर पुढची गोष्ट मला सांगताच आली नसती.

मंगळवारी प्रूफ निघालं. झाडीपट्टीच्या हँडबिलात नाटकाचं नाव एक चतुर्थांश जागा घेतं, कलावंत एक चतुर्थांश. उरलेल्या अर्ध्यात उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि प्रमुख अतिथी. ज्याने तंबूला वर्गणी दिली त्याचं नाव नसलं तर पुढच्या वर्षी तंबू नाही. ज्याचं नाव दुसऱ्याच्या खाली आलं, त्याची वर्गणी पुढच्या वर्षी अर्धी. सचिवांनी प्रूफ दोनदा वाचलं, दोन नावं वरखाली केली आणि सही केली. नाटकाच्या नावात एक मात्रा कमी होती, ती डीटीपीवाल्याच्या लक्षात आली. मंडळाच्या नाही.

बुधवारी संध्याकाळी एका अपक्षाची शिट्टी मशीनवरून उतरली आणि नाटक चढलं. सेटिंगला 84 कागद गेले. मशीनमन रंगात आला होता. 910 कागद छापून झाले असतील तेवढ्यात सचिवांचा फोन. "थांबवा जी, थांबवा!" उद्घाटक म्हणून ज्या माजी सरपंचांचं नाव होतं, ते त्याच दिवशी एका उमेदवाराचे प्रचारप्रमुख झाले होते. त्यांनी स्वतःच्या हौसेने नावाखाली पद घालायला सांगितलं होतं आणि उमेदवाराच्या नावाने दोन ओळी शुभेच्छाही. सचिवांना गावात कोणीतरी सांगितलं, आचारसंहितेत अडकाल.

मालकाचा चेहरा कागदाच्या रंगाचा झाला. त्याला कारण होतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951, याचं कलम 127-क गोंदियातल्या छापखानेवाल्यांना पसायदानासारखं पाठ असतं. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवं. छापायला सांगणाऱ्याने आपण कोण आहोत याचं घोषणापत्र दोन प्रतींत द्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या. छापल्यावर पत्रकाची प्रत आणि ते घोषणापत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. निवडणूक आयोगाने त्याला तीन दिवसांची मुदत घातली आहे, आणि किती प्रती छापल्या, किती पैसे घेतले तेही लिहून मागितलं आहे. चुकलात तर सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. वर्षभर ज्या रजिस्टरात वाया पन्नास लिहून भागतं, त्याला या दोन आठवड्यांत एकदम खरं बोलावं लागतं. प्रतींचा आकडा तेव्हा पेनाने लिहितात, आणि दोनदा मोजून.

सभेची तारीख, वेळ आणि जागा एवढंच सांगणारं हँडबिल या कलमाखाली येत नाही, अशी कायद्यात सूट आहे. मालकाने ती नाटकाला लावून पाहिली. नाटकाची तारीख, वेळ, जागा आहेच. पण त्यात दोन ओळी शुभेच्छा आहेत. शुभेच्छा म्हणजे प्रचार का? अपक्षाचा एक माणूस खुर्चीवर बसून होता, तो म्हणाला, "आमच्यासाठी तर हाये." मालकाने मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी नवं प्रूफ, नवी सही. उद्घाटकाच्या जागी 'गावातील ज्येष्ठ नागरिक' असं बिननावाचं पद आलं. नवी प्लेट. मशीनवर मात्र पुन्हा अपक्ष चढलेले, त्यामुळे नाटक शुक्रवार रात्रीपर्यंत खाली. या वेळी सेटिंगला एकही कोरा कागद लागला नाही. आदल्या 910 मधलेच घेतले, पाठीमागून. छपाईत 38 कागद खराब झाले. थंडी पडायला लागली होती, हवेने साथ दिली. शनिवारी सकाळी कटिंग झालं, बाइंडिंगच्या बाईने पाच-पाचच्या पंख्याने मोजून गठ्ठे बांधले. 9 तारखेला माल तयार. एका दिवसाचा उशीर. छापखान्याच्या इतिहासात याला वेळेवर म्हणतात.

मंडळ न्यायला आलं 11 तारखेला. "तुमी शुक्रवार म्हटलं म्हणजे आमी सोमवारच धरला होता," असं सचिव म्हणाले.

मग मालक कार्ड घेऊन हिशोबाला बसला आणि मीही बसलो, कारण माझी कार्डं तेव्हाही यायची होती. चांगले कागद 2500. वाया : सेटिंगचे 84, नावापायी 910, छपाईतले 38. बेरीज 1032. एकूण 3532 तुकडे, म्हणजे बरोबर 883 पूर्ण कागद. ठरवले होते 663, लागले 220 जास्त. सात किलो कागद. किलोला 80 रुपये धरले तर साडेपाचशेच्या वर, आणि एक प्लेट वेगळी. दुसऱ्या रीममध्ये 337 राहायला हवे होते, राहिले 117. मालकाने स्वतः मोजले. 117 भरले. त्याला इतका आनंद झाला की नुकसान तो दहा मिनिटं विसरला. त्याच्या रजिस्टरातला तो पहिला आकडा होता जो दोन्हीकडून जुळला.

पण हे पैसे कोणी द्यायचे? पाकिटात पहिलं प्रूफ होतं, त्यावर सचिवांची सही. सही झालेल्या प्रूफनंतरचा बदल गिऱ्हाइकाच्या माथी, असा धंद्याचा नियम. जॉब कार्डाचा खरा उपयोग इथे, बाकी सगळं शोभेला. मालकाने सही दाखवली. अध्यक्षांनी ती निरखून पाहिली आणि म्हणाले, "सही त्याची हाये. पण नाव तर तुमी छापलं ना जी." शेवटी प्लेटचे पैसे मंडळाने दिले, कागदाचे अर्धे दिले आणि उरलेल्या अर्ध्याऐवजी नाटकाचे पुढच्या रांगेतले दोन पास.

खरा पेच त्यानंतरचा. 910 कागद, म्हणजे उमेदवाराच्या शुभेच्छांची 1820 हँडबिलं. एरवी असे कागद वाया जात नाहीत. पाठकोरे असतात, त्यांचे कापून पॅड बांधतात आणि राइस मिलच्या काट्यावर पोत्यांच्या हिशोबाला देतात. तेव्हा तेच कागद वायाच्या रकान्यात खर्च आणि पॅडच्या रकान्यात जमा होतात, आणि यातला खरा रकाना कोणता यावर आमच्या मालकाचा आणि त्याच्या सीएचा अजून वाद आहे. पण या वेळी पॅड बांधायची सोय नव्हती. मतदानाच्या आधी ते काट्यावर गेले असते तर धान विकायला आलेला प्रत्येक शेतकरी घोषणापत्राशिवाय छापलेलं पत्रक खिशात घालून घरी गेला असता. रद्दीत घालावेत तर आणखी वाईट. रद्दीवाला फुटाणेवाल्याला देणार, आणि गोंदियाच्या बाजारात पुड्यापुड्यांतून शुभेच्छा वाटल्या जाणार, मुद्रकाच्या नावासकट. ते नाव मालकाने नियम म्हणून खाली ठळक छापलं होतं.

म्हणून त्याने ते सगळे कागद पोत्यात भरले, पोतं शिवलं आणि स्वतःच्या घरी पलंगाखाली ठेवलं. कार्डावर वायाच्या रकान्यात लिहिलं, '1032. पैकी 910 घरी.' बायकोने विचारलं तेव्हा शासकीय काम आहे म्हणून सांगितलं.

23 तारखेला निकाल लागला. 25 ला सचिव छापखान्यात हजर. मला वाटलं, उरलेले पैसे द्यायला आले. त्यांनी खुर्ची ओढली, मालकाने चहा सांगितला.

"भाऊ, ते जुने हँडबिल हायेत का जी?"

"कायले?"

"माजी सरपंच मागून राहिले. म्हणतात, माझं नाव एवढं चांगलं छापून आलं होतं, ते गावात कोणाले दिसलंच नाही. तारखेवर पट्टी लावू आणि पुढच्या मंडईले वाटू."

मालकाने रजिस्टर पुढे ओढलं आणि नवा जॉब नंबर टाकला. काम : जुन्या हँडबिलांवर तारखेची पट्टी चिकटवणे, 1820. कागद : शून्य. देण्याची तारीख : परवा. मग वायाच्या रकान्याशी पेन जरा थांबलं. सेटिंगला वापरलेले पाठीमागून छापून गेलेले, ते यातून वजा करायला हवे होते, पण ते नेमके किती हे मशीनमनशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. मालकाने आतल्या दाराकडे तोंड करून मोठ्याने विचारलं.

आतून, मशीनच्या आवाजावरून, उत्तर आलं, "लिहा पन्नास."